घरच्या देवघरात फोनवर चित्रीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं दीड-दोन फूट रुंदीच्या देव्हाऱ्यासाठी आहेत. समोर जेमतेम चार-पाच फूट मोकळी जागा, आत पितळी मूर्ती, मागे काचेची तसबीर आणि पुढे दोन समया. बहुतेक प्रश्न अशाच देवघरांतून येतात. काही उत्तरांत माझ्या मावशीच्या देव्हाऱ्याचा उल्लेख येईल, कारण मांडणी मी तिथेच बसून, चुकत चुकत शिकले.

१. फोन देव्हाऱ्यापासून किती लांब ठेवायचा? जागा कमी आहे म्हणून 0.5x वापरला तर चालेल का?

शक्यतो 0.5x वापरू नका. त्या लेन्समध्ये कडेच्या मूर्ती बाहेर ओढल्यासारख्या दिसतात आणि देव्हाऱ्याचे खांब वाकतात. शिवाय बहुतेक फोनमध्ये ही लेन्स मुख्य लेन्सपेक्षा कमी उजेड घेते, त्यामुळे संध्याकाळच्या आरतीत चित्र दाणेदार होते.

मुख्य लेन्स म्हणजे 1x घ्या आणि फोन उभा लावा. चार फुटांवरून उभ्या फोनमध्ये साधारण अडीच फूट रुंदी मावते. म्हणजे दोन फुटी देव्हारा पूर्ण येतो आणि दोन्ही बाजूंना थोडी हवाही राहते. आडवं चित्र हवं असेल तर त्याच जागेवरून 2x लावा. 1x मध्ये आडवा फोन ठेवला तर देव्हारा मधे छोटासा दिसतो आणि बाजूची भिंत, कपाट, स्विचबोर्ड सगळं चौकटीत येतं.

एक गोष्ट तपासून घ्या. फोन खूप जवळ गेला की काही फोन आपणहून दुसऱ्या लेन्सवर जातात आणि चित्र मधेच उडी मारतं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Macro Control` आणि व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `Lock Camera` असतं. दुसऱ्या फोनमध्ये सोपी चाचणी करा: रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही, तर फोन दुसऱ्याच लेन्समधून बघतोय.

२. फोनची उंची किती असावी?

मुख्य मूर्तीच्या चेहऱ्याची उंची मोजा आणि लेन्स त्याच्या तीन-चार इंच वर ठेवा. लेन्स खाली गेली की समोरच्या समईची ज्योत नेमकी मूर्तीच्या चेहऱ्यावर येते. फार वर गेली की मुकुट दिसतात आणि चेहरे झाकतात. देव्हारा चौरंगावर असेल तर ही उंची जमिनीपासून दीड-दोन फूटच भरते. म्हणून उंच ट्रायपॉडपेक्षा बुटका ट्रायपॉड देवघरात जास्त उपयोगी पडतो.

३. ट्रायपॉडचे पाय पसरायलाच जागा नाही. काय करू?

पाय पूर्ण न उघडता ट्रायपॉड उभा करू नका. अर्धवट मिटलेल्या पायांवर तो उभा राहतो खरा, पण आरती करणाऱ्याच्या पदराचा किंवा उपरण्याचा धक्का लागला की समोर पडतो, आणि समोर दिवे आहेत.

त्यापेक्षा लाकडी स्टूल घ्या आणि त्यावर छोटा मेजावरचा ट्रायपॉड ठेवा. तोही नसेल तर धान्याने किंवा वाळूने तीन-चतुर्थांश भरलेली कापडी पिशवी स्टुलावर ठेवा आणि तिच्यात फोन रुतवा. पिशवी पूर्ण भरली तर फोन घसरतो. थोडी रिकामी असली की ती फोनच्या आकाराप्रमाणे बसते. अशी पिशवी स्वस्त ट्रायपॉडपेक्षा जास्त स्थिर असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

भिंतीतल्या कोनाड्यातलं किंवा ओट्याजवळच्या कपाटातलं देवघर असेल तर क्लॅम्प लागतो. तो कपाटाच्या दारावर लावू नका, कारण दार बिजागरीवर सतत किंचित डोलत असतं. समोरची फळी किंवा जड खुर्चीची पाठ चालेल.

४. ट्रायपॉड वापरूनही चित्र हलतं. असं का?

कारणं चार असू शकतात आणि प्रत्येकाचं हलणं वेगळं दिसतं.

घंटा वाजली की बारीक थरथर होत असेल, तर ट्रायपॉड देव्हाऱ्याच्या चौरंगाला किंवा त्याच लाकडी पाटाला टेकलेला आहे. त्याला वेगळं करा.

कोणी चाललं, टाळ्या वाजवल्या की चित्र सावकाश डोलत असेल, तर पाय सतरंजीवर किंवा गालिच्यावर आहेत. सतरंजी बाजूला करा आणि पाय थेट फरशीवर ठेवा. मधली दांडी वर काढली असेल तर ती खाली करा, कारण उंची पायांनी वाढवली की पकड टिकते आणि दांडीने वाढवली की जाते. एक पाय देव्हाऱ्याच्या दिशेला, लेन्सच्या बरोबर खाली येऊ द्या.

सुरुवातीला आणि शेवटीच धक्का दिसत असेल, तर तो बटण दाबणाऱ्या बोटाचा आहे. रेकॉर्डिंग पाच सेकंद आधी सुरू करा आणि नंतर ती पाच सेकंद कापा. फोन व्हायब्रेटवर असेल तर आलेला कॉलही असाच धक्का देतो, म्हणून आधी एअरप्लेन मोड लावा.

चौथं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. सगळं स्थिर असताना चित्र पाण्यात तरंगल्यासारखं सरकतं. हा फोनमधल्या स्थिरीकरणाचा परिणाम आहे. हलत्या ज्योती आणि फिरणारं तबक बघून फोनला वाटतं की आपणच हललो, आणि तो चित्र उलट दिशेला ढकलतो. ट्रायपॉडवर असताना जास्तीचं स्थिरीकरण बंद ठेवा. आयफोनमध्ये त्याला `Enhanced Stabilization` म्हणतात, इतर फोनमध्ये `Super Steady` किंवा तशाच नावाचं काही असतं.

५. समईची ज्योत पांढऱ्या गोळ्यासारखी दिसते आणि मूर्ती काळ्या पडतात. दिवे कमी करावेत का?

दिवे कमी करू नका, भोवतालचा उजेड वाढवा. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ज्योत मुळात फार तेजस्वी नसते. ती अंधारात तेजस्वी दिसते. खोली अंधारी असली की फोन मूर्ती दिसाव्यात म्हणून सगळंच चित्र उजळवतो आणि त्यात ज्योतीचा गोळा होतो. मूर्तींवर आधीच पुरेसा उजेड असेल तर फोनला उजळवावं लागत नाही आणि ज्योत ज्योतीसारखी राहते.

हा उजेड मऊ हवा. साधा नऊ-दहा वॅटचा एलईडी बल्ब टेबललॅम्पमध्ये लावा, पण त्याचं तोंड देवाकडे करू नका. फोनच्या बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे किंवा देव्हाऱ्यापुढच्या छताकडे करा. भिंतीवरून परत येणारा उजेड मोठ्या खिडकीसारखा पडतो. देव्हाऱ्याला छत किंवा कळस असेल तर वरून येणारा उजेड चेहऱ्यांवर पोचत नाही. तेव्हा छतापेक्षा बाजूची भिंत बरी. फोनचा स्वतःचा फ्लॅश मात्र कधीही लावू नका, कारण तो प्रत्येक मूर्तीच्या कपाळावर एक पांढरा टिपका उमटवतो.

मग वात पाहा. वात जास्त पुढे ओढली असेल तर ज्योत लांब होते, फडफडते आणि काजळी धरते. वात थोडी मागे घेतली की ज्योत बुटकी आणि शांत होते. पूजेत काही कमी होत नाही आणि चित्र एकदम सुधारतं.

ज्योतीचा अगदी गाभा पांढराच राहील, तो कोणत्याही फोनमध्ये राहतो. कडेला पिवळा-केशरी रंग दिसला म्हणजे जमलं.

६. आरतीचं तबक वर आलं की सगळं चित्र अंधारतं, खाली गेलं की उजळतं. हे कसं थांबवायचं?

फोन दर क्षणाला उजेड मोजून स्वतःला बदलत असतो. तबकातली पाच ज्योतींची पंचारती चौकटीत आली की तो घाबरून चित्र काळं करतो. म्हणून मोजमाप आधीच बांधून ठेवायचं.

क्रम असा. फोन जागेवर बसवा. समया आणि बल्ब लावा, पण आरतीचं तबक अजून पेटवू नका. स्क्रीनवर मुख्य मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. आयफोनमध्ये वर पिवळ्या पट्टीत `AE/AF LOCK` येतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये कुलपाचं चिन्ह येतं. मग शेजारचा सूर्य हळूच खाली ओढा आणि समईच्या ज्योतीची कड केशरी दिसली की थांबा. आता दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग करा आणि त्यात रिकामं नव्हे, पेटवलेलं निरांजन एकदा फिरवा. चेहरा स्पष्ट आहे आणि उजेड एकसारखा आहे, असं दिसलं की तयार.

स्क्रीनला पुन्हा बोट लागलं किंवा कॅमेरा बंद झाला की हे कुलूप सुटतं. त्यामुळे चौकट आधी पक्की करा, कुलूप सगळ्यात शेवटी.

७. लेन्स पुसली तरी ज्योतीतून रेघा निघतात, आणि कधी हिरवट ठिपका दिसतो. लेन्स खराब झाली का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेघ किंवा धूसर झालर म्हणजे लेन्सवरचा तेला-तुपाचा थर. पूजेचं साहित्य हाताळलेल्या बोटांनी फोन उचलला की तो बसतोच. पदराने पुसलं की थर जात नाही, एका दिशेने पसरतो, आणि रेघ पुसलेल्या दिशेला काटकोनात उमटते. उभं पुसलं तर आडवी रेघ. चष्म्याचं स्वच्छ कापड किंचित ओलसर करून गोल गोल पुसा, मग कोरडं कापड फिरवा. हे काम वाती वळायच्या आधी करा.

हिरवा ठिपका पुसून जाणार नाही. लेन्सच्या आतल्या काचांमध्ये ज्योतीचं प्रतिबिंब उमटतं, त्याचा तो ठिपका. त्याची जागा ठरलेली असते: चौकटीचा मध्य धरला तर ज्योतीच्या बरोबर समोर. ज्योत खाली डावीकडे असेल तर ठिपका वर उजवीकडे. हे एकदा कळलं की तो हाकलता येतो. फोन दोन-तीन इंच सरकवा म्हणजे ठिपका देवाच्या चेहऱ्यावरून हटून फुलांच्या हारावर किंवा झालरीवर जाईल. तिथे तो दिसत नाही. लेन्सवर वेगळी संरक्षक काच चिकटवली असेल तर ती काढून बघा, अशा काचेने ठिपके वाढतात.

८. मागच्या तसबिरीच्या काचेत समया, ट्यूबलाइट आणि फोनसुद्धा दिसतो. तसबीर काढायची नाही, मग?

मावशीच्या देव्हाऱ्यात हाच प्रश्न होता, त्यामुळे मापांसकट सांगते.

देव्हारा दोन फूट रुंद. मागे एक फूट रुंद आणि एक फूट उंच तसबीर. फोन काचेपासून चार फुटांवर, बरोबर मधे. दोन समया काचेच्या एक फूट पुढे, मधल्या रेषेपासून प्रत्येकी पाच इंचांवर. तसबिरीत देवाच्या दोन्ही खांद्यांवर दोन ज्योती दिसायच्या.

आरशातली वस्तू आरशाच्या तेवढीच मागे असल्यासारखी दिसते. म्हणजे फोनला त्या ज्योती पाच फुटांवर दिसत होत्या, काच मात्र चार फुटांवर. त्यामुळे काचेवर प्रतिबिंब पाच इंचांच्या चार-पंचमांशावर, म्हणजे चार इंचांवर उमटत होतं. तसबिरीचा अर्धा भाग सहा इंचांचा, म्हणून ते आतच पडलं. प्रतिबिंब सहा इंचांच्या बाहेर जायला समई मधल्या रेषेपासून साडेसात इंचांपलीकडे हवी. ज्योतीला स्वतःची रुंदी असते आणि ती हलते, म्हणून आम्ही समया नऊ इंचांवर नेल्या. दोन्ही प्रतिबिंबं काचेबाहेर गेली. पूजेच्या मांडणीत फरक पडला तो फक्त चार इंचांचा. समई बाजूला नेताना ती लाकडी खांबाच्या किंवा झालरीच्या जवळ जात नाही ना, ते नक्की बघा. आमच्या समया देव्हाऱ्याच्या पुढे फरशीवर होत्या म्हणून हे जमलं.

ट्यूबलाइटचा उपाय वेगळा. तसबिरीच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी घालून ती पुढे झुकवा. एक फूट उंच तसबीर वर एक इंच पुढे आली तर साधारण पाच अंश झुकते, आणि काचेतलं दृश्य त्याच्या दुप्पट, दहा अंश खाली वळतं. छत आणि ट्यूब निघून जाते. पण जास्त झुकवू नका, कारण मग समोरची फरशी आणि समयांचं प्रतिबिंब वर चढू लागतं. झुकवल्यावर तसबीर मागून दोऱ्याने बांधा.

फोनचं प्रतिबिंब उरलं तर फोन मधल्या रेषेवरून थोडा बाजूला घ्या, किंवा स्टूल आणि ट्रायपॉडवर गडद कापड टाका. उजेडात नसलेली काळी वस्तू काचेत जवळजवळ दिसत नाही.

सगळं मांडण्याआधी एक करा: फोनच्या जागी स्वतःचा डोळा नेऊन, एक डोळा मिटून काचेकडे पाहा. त्या जागेवरून जे दिसेल तेच रेकॉर्ड होणार आहे.

९. पितळी आणि चांदीच्या मूर्ती चमकतात. पोलरायझर फिल्टर घ्यावा का?

यासाठी घेऊ नका. तो फिल्टर काचेवरची आणि पाण्यावरची चमक काही कोनांतून कमी करतो, धातूवरच्या चमकेवर त्याचा फारसा उपयोग नाही.

पितळ चमकतं म्हणजे समोरची वस्तू दाखवतं. समोर उघडा बल्ब असेल तर टोचणारा टिपका दिसेल, पांढरी भिंत असेल तर गालावर मऊ झळाळी दिसेल. म्हणून प्रश्न ५ मधली भिंतीची युक्ती इथेही लागू पडते.

खालच्या वस्त्राकडेही लक्ष द्या. मावशीकडे लाल मखमल होती, आणि गणपतीच्या सोंडेखाली, बाळकृष्णाच्या हनुवटीखाली लालसर छटा यायची. आम्ही कितीतरी वेळ फोनच्या रंगांत दोष शोधत होतो. एक दिवस धुण्यासाठी मखमल काढली, पांढरं वस्त्र घातलं, आणि बाळकृष्णाचा रांगता हात पहिल्यांदा बोटांसकट दिसला. पांढरं कापड खालून उजेड परत देतं. त्यासाठी वेगळा दिवा लागत नाही.

१०. रेकॉर्डिंगमध्ये काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात.

हे पट्टे एलईडीचे आहेत, समईचे नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने काही एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, फोनला कळतं. फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर `1/50` किंवा `1/100` ठेवा. तो नसेल तर बल्ब बदलून बघा, सगळे बल्ब सारखे लुकलुकत नाहीत. दिव्यांच्या माळा यात सर्वात वाईट. त्यांचे पट्टे कधीकधी कशानेच जात नाहीत, तेव्हा रेकॉर्डिंगपुरती माळ बंद ठेवा.

११. अर्धं चित्र निळसर, अर्धं पिवळं का येतं?

ज्योतीचा उजेड तांबूस असतो आणि पांढऱ्या ट्यूबचा निळसर. दोन्ही एकत्र आले की फोन गोंधळतो. ट्यूब बंद करा आणि भिंतीकडे वळवलेला बल्ब पिवळसर घ्या. खोक्यावर 2700K किंवा 3000K लिहिलेलं असतं. खिडकीचा पडदाही ओढा.

१२. पूजा करणारे सोवळ्यात असतात, फोनला हात लावत नाहीत. हातही ओले आणि हळद-कुंकवाचे असतात.

मग सगळी मांडणी पूजेला बसण्याआधी दुसऱ्याने करावी आणि पूजा सुरू होण्याआधीच रेकॉर्डिंग चालू करावं. मधे कोणी फोनकडे जायचं नाही, कारण बोट लागलं की कुलूप सुटतं (प्रश्न ६). अर्ध्या-पाऊण तासाच्या पूजेसाठी फोनमध्ये मोकळी जागा आहे का, ते आधी बघा आणि चार्जरची वायर आरती फिरण्याच्या बाजूने नेऊ नका.

१३. परगावच्या नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायची आहे. त्यात लॉक सापडत नाही.

बहुतेक कॉल ॲपमध्ये ते नसतंच. त्यामुळे इथे सगळा भार उजेडावर येतो: खोली नेहमीपेक्षा जास्त उजळ ठेवा, एकाऐवजी दोन बल्ब भिंतीकडे वळवा. मागचा कॅमेरा वापरा. आरती करणाऱ्याला तबक लेन्सपासून लांब, देव्हाऱ्याच्या बाजूला धरायला सांगा. तबक फोनजवळून गेलं की ज्योती चौकटभर होतात आणि समोरच्याला काही क्षण काळोखच दिसतो. मोबाइल डेटावरून कॉल असेल तर एअरप्लेन मोड लावता येत नाही, म्हणून निदान व्हायब्रेशन बंद करा.

१४. अभिषेक वरून दाखवायचा आहे. फोन ताम्हणाच्या वर टांगला तर?

बरोबर वर टांगू नका. फोन निसटला तर थेट मूर्तीवर पडेल. शिवाय ताम्हणातल्या पाण्यात छत आणि फोनच दिसतात. फोन बाजूने, वरून तिरका, साधारण ४५ अंशांत ठेवा. उजेड समोरच्या बाजूने न येता फोनच्या डावीकडून किंवा उजवीकडून यावा, म्हणजे पाण्याची धार चमकून दिसते आणि ताम्हणाचा तळही दिसतो. आडव्या दांडीचा स्टँड असेल तर त्याच्या मागच्या टोकाला फोनपेक्षा जड वजन बांधा.

निरांजन किंवा कापूर पेटलेला असताना फोन त्याच्या वरच्या हवेत येऊ देऊ नका. वर चढणारी गरम हवा चित्र थरथरवते, कापराची काजळी लेन्सवर बसते आणि फोन तापून रेकॉर्डिंग मधेच थांबू शकतं. अभिषेकानंतर लगेच कापूरआरती असेल तर त्या दोन्हींमध्ये फोन मागे घ्यायला एक माणूस ठेवा.